ॲम्ब्युलन्सचं दार लागल्यावर काय झालं ते काकांना सांग

ताई, तीन आठवड्यांपूर्वी रात्री पावणेदोनला बाबा बाथरूमला जायला उठले आणि दारातच एका बाजूला कलले. तोंड वाकडं, बोलणं अगदी जड. मला काही सुचेना म्हणून समोरच्या काकांची बेल वाजवली. खरंतर आमचं त्यांच्याशी फारसं बोलणं नव्हतं, उलट शू-रॅकवरून आधी कुरबुर झालेली. ते टॉर्च घेऊन तसेच आले. मी बाबांना पाणी आणि बीपीची गोळी देत होते ती त्यांनी थांबवली, घड्याळ बघितलं, "हे शेवटचे ठीक कधी होते?" असं विचारलं (साडेअकराला टीव्ही बंद करून झोपायला गेले तेव्हा), ॲम्ब्युलन्स बोलावली, माझ्या हातात पैसे कोंबले. आम्ही गेल्यावर काका-काकूंनी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सकाळपर्यंत सांभाळलं. अडीचला हॉस्पिटल, सव्वातीनला इंजेक्शन. बाबा आता घरी आहेत, बोलणं बरंच सुधारलंय, उजवा हात अजून कमजोर आहे. पण मी काकांना नीट थँक्यू म्हटलेलंच नाही. पैसे परत करायचेत, टॉर्च आमच्याकडेच पडलीये. आता इतका उशीर झालाय की लिफ्टमध्ये दिसले की नुसती हसते. एक मेसेज लिहून ठेवलाय, "काका तुमचे खूप खूप आभार, तुम्ही देवासारखे धावून आलात, तुमचे उपकार कधीच फिटणार नाहीत", पण तो मलाच खोटा वाटतो. मोठं गिफ्ट देऊ का? की सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहू?

---

अगं, हा मेसेज नको पाठवूस. आणि तो तुला खोटा वाटतोय ते बरोबरच आहे. तुझ्या मनात काही कमी आहे म्हणून नाही वाटत तसं, त्या मेसेजमध्ये ती रात्रच नाहीये म्हणून वाटतंय. घड्याळ नाही, गोळी नाही, टॉर्च नाही, तुझी मुलगी नाही. नुसतं नाव बदलून तोच मेसेज कुणालाही पाठवता येईल, आणि काकांना वाचतानाच ते कळेल. ते छान हसून हात जोडलेला इमोजी पाठवतील आणि विषय तिथेच संपेल, आणि तुझ्या मनात जे साठलंय ते तसंच राहील.

मी एकोणीस वर्षं इमर्जन्सी वॉर्डात नर्स होते, त्यामुळे मी ही गोष्ट दुसऱ्या बाजूने खूप वेळा बघितलीये. रात्री-अपरात्री पेशंटबरोबर शेजारी येतात, पायात वेगवेगळ्या चपला, अंगावर घरातले कपडे, आणि ते बाहेरच्या बाकावर बसून राहतात. मग तासाभराने एकदा दाराशी येऊन विचारतात, "सिस्टर, आत काय चाललंय?" आणि आम्हाला सांगता येत नाही, कारण ते नातेवाईक नसतात. नातेवाईक आत असतात, त्यांना बाहेर कोण बसलंय याचं भान नसतं, आणि ते असायलाच हवं असंही नाही. पहाटे कधीतरी तो माणूस उठून निघून जातो, अर्धवट गोष्ट घेऊन. काका तर हॉस्पिटलपर्यंत आलेही नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी गोष्ट ॲम्ब्युलन्सचं दार लागलं तिथेच थांबलीये. नंतर त्यांनी बाबांना घरी आलेलं बघितलं असेल, एवढंच. मधे काय झालं, त्यांनी जे केलं त्याचा उपयोग झाला की नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तुझं थँक्यू म्हणजे ती राहिलेली गोष्ट. तेवढी नीट सांगितलीस ना की वेगळे शब्द शोधत बसावं लागणार नाही.

आता ती गोष्ट नेमकी काय आहे ते तुलासुद्धा पूर्ण माहीत असेल असं मला वाटत नाही, कारण तिथे धावपळीत कुणी समजावून सांगत बसत नाही, म्हणून मी सांगते.

तू लिहिलंयस त्यावरून हा स्ट्रोकच, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढचा रक्तपुरवठा बंद पडला. ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं पण ते घड्याळाला बांधलेलं असतं, साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त. ते सगळ्यांना देता येत नाही, आधी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन घातक ठरतं. आता गंमत, म्हणजे खरंतर भीतीची गोष्ट अशी आहे की माणूस झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर ती नक्की कधी सुरू झाली हे कुणालाच माहीत नसतं. पावणेदोनला तू बघितलंस, पण सुरुवात बाराला झाली असेल, एकला झाली असेल, काय सांगणार? म्हणून डॉक्टर घड्याळ पावणेदोनपासून लावत नाहीत, माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून लावतात. तुमच्या बाबतीत साडेअकरा. साडेअकरा अधिक साडेचार म्हणजे पहाटेचे चार. इंजेक्शन मिळालं सव्वातीनला. मधे फक्त पाऊण तास उरला होता गं.

तर काकांनी तो प्रश्न विचारला म्हणजे काय केलं ते आता बघ. इमर्जन्सीत स्ट्रोकचा पेशंट आला की पहिल्या काही प्रश्नांत हाच प्रश्न असतो, "शेवटचे नॉर्मल कधी होते?" आणि घाबरलेला नातेवाईक हमखास म्हणतो, "रात्री झोपले तेव्हा", झोपले कधी तर "नेहमीसारखेच", नेहमी म्हणजे किती वाजता तर तो बायकोकडे बघतो, ती मुलाकडे बघते, कुणी म्हणतं दहा, कुणी म्हणतं बारा. मी हे किती रात्री ऐकलंय ते मोजता यायचं नाही. दहा धरले तर साडेचार तास अडीचलाच संपतात, म्हणजे तुम्ही दारात पोचलात त्याच क्षणाला. तू मात्र साडेअकरा, टीव्ही बंद केला तेव्हा, असं पक्कं सांगू शकलीस, कारण घरातच, डोकं थोडं ठिकाणावर असताना, काकांनी तुला ते आठवायला लावलं होतं.

आणि ते पाणी आणि गोळी. स्ट्रोकमध्ये तोंडाचा आणि घशाचा एका बाजूचा ताबा जाऊ शकतो, मग पेशंटला नीट गिळता येत नाही आणि बरेचदा येत नाहीये हे त्यालाही कळत नाही, मग घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बीपी त्या वेळी वाढलेलं दिसतं हे खरं, पण अडलेल्या भागाकडे थोडंफार रक्त ढकलायला त्या प्रेशरचाच आधार असतो, घरच्या घरी गोळी देऊन ते एकदम उतरवलं तर नुकसान वाढू शकतं. ते किती आणि कधी उतरवायचं हे हॉस्पिटलमध्ये मोजून ठरवतात. तू गोळी देत होतीस यात तुझी चूक नाही, प्रेमाने आणि घाबरून माणूस हेच करतो, माझ्यासमोर आलेल्या कितीतरी घरांनी हेच केलेलं होतं. पण काकांनी तुझा हात धरला नसता तर ती गोळी तोंडात गेली असती. हे सगळं त्यांना माहीत असेल का? कदाचित थोडं ऐकलेलं असेल, कुणा नात्यातल्याचं बघितलेलं असेल. पण त्यानंतर त्यांच्याही मनात आलं असणार, की आपण त्या मुलीला बापाची गोळी देऊ दिली नाही, बरोबर केलं ना? याचं उत्तर फक्त तू देऊ शकतेस.

म्हणून जाऊन बोल. मेसेज नाही, समोर. एखाद्या संध्याकाळी बेल वाजव, आत बोलावतील, बस, आणि साधारण असं काहीतरी, तुझ्या भाषेत:

"काका, त्या रात्रीचं तुम्हाला सांगायचं राहिलंय. हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या डॉक्टरांनी विचारलं, शेवटचे ठीक कधी होते. तुम्ही मला घरीच विचारलं होतंत म्हणून मला साडेअकरा हे लगेच सांगता आलं. त्या इंजेक्शनची वेळ चार वाजेपर्यंतच होती आणि ते सव्वातीनला मिळालं. आणि ती गोळी, मी तेव्हा तुमच्यावर जवळजवळ ओरडले होते, पण ती द्यायची नसतेच, मला नंतर कळलं. आज सकाळी बाबांनी पेपरची हेडलाईन मोठ्याने वाचून दाखवली. हात अजून कमजोर आहे, पण बोलतायत. हे तुम्हाला सांगायचं होतं."

बस. एवढंच. यात थँक्यू हा शब्द एकदाही नाही बघ, आणि तरी पूर्ण आहे. हवं तर शेवटी म्हण, "थँक्यू काका", तेव्हा तो शब्द भरलेला असेल. (ओरडली नसशील तर ते वाक्य अर्थातच काढून टाक, आणि हेडलाईनच्या जागी बाबांनी खरंच जे केलं असेल ते घाल, शेजाऱ्याला न घडलेलं काही सांगायचं नाही.)

मी हे नुसतं माझ्या मनाने सांगत नाहीये. सारा अल्गो नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये जोडप्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आभार मानतानाची वाक्यं वेगळी करून बघितली, एक प्रकार "यामुळे मला किती फायदा झाला" असा, दुसरा "तू हे केलंस, हे तुझं वैशिष्ट्य" असा. ऐकणाऱ्याला समोरचा आपल्याला ओळखतो, समजून घेतो असं वाटण्याचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी सापडला. ती जोडपी होती, शेजारी नव्हते, पण माझ्या अनुभवाला हे अगदी लागू पडतं. आपण घाबरलेली माणसं आभार मानताना सगळं आपलंच बोलत राहतो, मला काही सुचत नव्हतं, माझं काय झालं असतं, मी कशी विसरू, आणि समोरचा माणूस, ज्याने ते केलं, तो वाक्यात येतच नाही. तू काकांना वाक्यात आण. तुम्ही घड्याळ बघितलंत. तुम्ही शांत आवाजात बोललात. तुम्ही हात धरलात.

आता काही शब्द टाळ असं मी सांगेन, आणि का तेही सांगते. "उपकार फिटणार नाहीत" हे आपल्याकडे अगदी मनापासून म्हटलं जातं, पण ऐकणाऱ्यासमोर त्याने तू कर्जदार होऊन बसतेस, आणि रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या दोन माणसांमध्ये कर्ज असलं की मोकळं बोलता येत नाही. "देवासारखे" म्हटलंस की एक साधा माणूस, जो त्या वेळी स्वतःही घाबरलेला असणार आणि तरी नीट वागला, तो गायब होतो. "तुम्ही बाबांचा जीव वाचवलात" हेही जपून, कारण जीव वाचला तो बऱ्याच हातांनी, आणि तुला खात्रीने जे माहीत आहे ते म्हणजे प्रश्न, गोळी आणि वेळ, तेवढंच सांग, ते त्यांना खरं वाटेल. आणि एक वाक्य तर अजिबात नको, "मला वाटलं नव्हतं तुम्ही असे मदतीला याल". तुझ्या मनात ते असणार, शू-रॅकमुळे. पण काकांच्या कानाला त्याचा अर्थ एवढाच लागेल की ही आजवर आपल्याला वाईट माणूस समजत होती. शू-रॅकचं काय ते नंतर कधीतरी, वेगळ्या दिवशी, किंवा नुसतं रॅक गुपचूप सरकवून टाक. त्या संध्याकाळी नाही.

काकूंना विसरू नकोस, मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त हेच जाणवलं, की काकांचं सगळं सविस्तर आहे आणि काकू एका वाक्यात संपल्यात. काकांचं काम पंधरा-वीस मिनिटांचं होतं, काकूंचं सकाळपर्यंतचं. सहा वर्षांचं पोर, आजोबांना स्ट्रेचरवर नेताना बघितलेलं, आई अचानक निघून गेलेली, ते काय लगेच झोपलं असेल? मुलीला विचार, त्या रात्री समोरच्या आजीने काय केलं, काय गोष्ट सांगितली, लाईट चालू ठेवला की बंद केला. मुलं हे असलं बारीक सगळं लक्षात ठेवतात. आणि मग तेच काकूंना सांग, तिच्या शब्दात. "ती म्हणाली, तुम्ही रात्रभर तिचा हात सोडला नाहीत", असं काही निघालं तर तुझ्याकडून आणखी काही बोलायची गरजच नाही. मुलीने चित्र काढलं तर उत्तमच, पण तिला बळंच बसवू नकोस, तिच्या मनात ती रात्र अजून ताजी असेल आणि तिने त्याबद्दल बोलायला नको म्हटलं तर राहू दे.

उशिराबद्दल. तीन आठवडे म्हणजे काही नाही. स्ट्रोकचा पेशंट घरात असताना तीन आठवडे म्हणजे तीन दिवसच असतात, आणि काकांना ते दिसतंय, दार समोरच आहे. एकदा म्हण, "आधीच यायला हवं होतं", आणि पुढे जा. मी बघितलंय लोक उशिराची माफी मागण्यातच अर्धा वेळ घालवतात, मग समोरच्यालाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं, अहो असू दे, असू दे, आणि मूळ गोष्ट राहून जाते. आणि तुला जे वाटतंय ना, की आता बोललं तर विचित्र वाटेल, तेही तपासून झालेलं आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले, लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि समोरच्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला, मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल ते जास्त धरलं होतं आणि किती आनंद होईल ते कमी. लिहिणारे शब्द नीट जमतायत का या काळजीत होते, वाचणाऱ्यांना त्यातली माया दिसत होती. तेव्हा शब्द अडखळले तरी चालेल. रडू आलं तरी चालेल.

काका काय म्हणतील ते मी तुला आत्ताच सांगते. "अगं त्यात काय, शेजारधर्मच आहे तो." आपल्याकडची माणसं आभार झटकून टाकतात, ते नम्रपणाने असतं आणि थोडं अवघडल्यामुळेही. तिथे वाद घालू नकोस, नाही काका तुम्ही खूप मोठं काम केलंत वगैरे परत सुरू करू नकोस. थोडं थांब आणि त्यांनाच विचार, "काका, तुम्हाला नंतर झोप लागली का त्या रात्री?" हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मदत करणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. खूप जणांना नंतर कित्येक रात्री बेल वाजल्याचा भास होतो, ॲम्ब्युलन्सला दोन मिनिटं आधी फोन करायला हवा होता का हे डोक्यात फिरत राहतं. ते सांगायला लागले तर ऐक, मधे बोलू नकोस. नाही सांगितलं तर आग्रह नको, विचारलंस एवढंही पुरतं.

हे मी का एवढं धरून बसलेय ते सांगते, आणि हे तुझ्याशिवाय जे कुणी वाचतंय त्यांच्यासाठीही आहे, ज्यांच्या घरी गोष्ट चांगली संपली नाही. आमच्या वॉर्डात एका रात्री एका बाईंना आणलं होतं, हृदय बंद पडलेलं, त्यांच्या शेजाऱ्याने ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत ठेवली होती. त्या वाचल्या नाहीत. तो माणूस नंतर मला भेटला, बऱ्याच महिन्यांनी, कशासाठी तरी हॉस्पिटलमध्ये आला होता, आणि त्याने मला ओळखून बाजूला घेतलं आणि विचारलं, "सिस्टर, दाबताना कडकड आवाज आला होता, बरगडी मोडली माझ्या हातून, त्यामुळे त्या गेल्या का हो?" इतके महिने हा माणूस हे घेऊन जगत होता. मी त्याला सांगितलं की मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतकी दाबावी लागते, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि त्यात बरगडी मोडणं अगदी नेहमीचं आहे, आमच्या हातूनही मोडते, त्याने माणूस जात नाही, हृदय आधीच थांबलेलं असतं. तो तिथेच बसला. मग म्हणाला, त्यांच्या घरचे त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत, जिन्यात दिसले की मान खाली घालतात, मला वाटलं त्यांनाही तसंच वाटतंय. माझी त्या घरच्यांशी ओळख नव्हती पण मी पैजेवर सांगते की ते दोष देत नव्हते, ते तुझ्यासारखेच होते, काय बोलावं कळत नव्हतं म्हणून मान खाली. फक्त या बाजूला त्याचा अर्थ असा लागला. तेव्हा ज्यांचं माणूस गेलं त्यांनीही जावं, आणि एवढंच सांगावं, "तुम्ही होतात, ती एकटी नव्हती, आणि तुमच्यामुळे काही चुकलं नाही." हे त्या माणसाला दुसरं कुणीच सांगू शकत नाही, आम्हीसुद्धा नाही, आमचं त्याला अर्धंच पटतं.

तुझं लिफ्टमधलं नुसतं हसणंसुद्धा काका कसं वाचत असतील, ते तुला माहीत नाही. म्हणून याच आठवड्यात जा.

बाकीचं पटकन सांगते. पैसे आधी परत कर, शक्यतो भेटीच्या आदल्या दिवशी, ऑनलाईन किंवा पाकिटात, पूर्ण रक्कम मोजून, वर काही न घालता. आभाराच्या वेळी पाकीट पुढे केलंस की दोन्ही गोष्टी एकात एक मिसळतात आणि काका पाकीट नको नको म्हणण्यातच अडकतील. मोठं गिफ्ट नको, ते स्वीकारायलाही त्यांना जड जाईल आणि परतफेडीसारखं दिसेल. काही द्यावंसंच वाटत असेल तर कार्डावर चार ओळी हाताने लिहून दे, वर सांगितलेलंच, म्हणजे तू निघून गेल्यावर त्यांना परत वाचता येईल, आणि काकांच्या आधी काकूंचं नाव लिही.

ग्रुपवर लिहायचं आत्ता तरी नको. काही माणसांना सगळ्यांसमोर कौतुक आवडतं, काहींना अगदी नकोसं होतं, आणि उद्यापासून सगळी बिल्डिंग रात्री त्यांचीच बेल वाजवेल हेही होतं. काकांना विचार, हो म्हणाले तरच. आणि त्याहून आधी बाबांना विचार. आजार त्यांचा आहे गं. तोंड वाकडं झालं होतं, बोलता येत नव्हतं, हे सोसायटीला कळावं का हे बाबांनी ठरवायचं. काका-काकूंना काय आणि किती सांगायचं हेसुद्धा जाण्याआधी बाबांना एकदा विचारून घे, तब्येतीची सगळी कुंडली सांगायची गरज नाही, त्या रात्रीपुरतं सांगितलं तरी पुरे. बाबा जिवंत, शुद्धीत, घरात बसलेले असताना त्यांच्याबद्दल सगळे परस्पर बोलतात, याचं स्ट्रोकच्या पेशंटना फार वाईट वाटतं, बोलता येत नाही म्हणून जास्तच.

आणि बाबांची इच्छा असेल, दम असेल, तर त्यांनाच घेऊन जा की. समोरचंच दार आहे, चार पावलं. नाहीतर काकांना इकडे बोलाव. तू तुझं सांगून झाल्यावर गप्प बस आणि बाबांना बोलू दे, वेळ लागेल, शब्द अडकेल, तू पूर्ण करून देऊ नकोस. काका थांबतील. थेरपिस्टनेही तुला हेच सांगितलं असेल, शब्द त्यांचा त्यांना शोधू द्यायचा. जो काही शब्द निघेल तो काकांसाठी तुझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त असेल, कारण त्या रात्री त्यांनी त्या तोंडातून नुसतं अस्पष्ट काहीतरी ऐकलं होतं.

टॉर्च घेऊन जा, तेच बेल वाजवायला निमित्त. आणि देण्याआधी एकदा लावून बघ, तीन आठवडे नुसती पडलीये, सेल गेले असतील तर नवीन घालून दे.